शेवटचं प्रिपोझिशन खोडू नका: कोल्हापुरातल्या इंग्रजीच्या सर-मॅडमना खुलं पत्र

समस्त सर आणि मॅडम, नमस्कार.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत एक्स्पोर्टचा पत्रव्यवहार बघते. म्हणजे आमच्याकडं ओतलेली कास्टिंग ज्यांच्याकडं जातात त्या परदेशी कस्टमरशी मेल, व्हॉट्सॲप, कधी फोन, सगळं इंग्रजीत. हाताखाली नवीन पोरं-पोरी येत असतात, बहुतेक कोल्हापूर, इचलकरंजी, कागल, गडहिंग्लज इकडचीच, आणि त्यांचं इंग्रजी तुम्हीच घडवलेलं असतं, शाळेत नाहीतर राजारामपुरीतल्या एखाद्या क्लासमध्ये. पोरं हुशार आहेत. टेन्स सहसा चुकत नाहीत, स्पेलिंग बरं असतं. पण ती सोबत दोन नियम घेऊन येतात आणि ते नियम डोक्यात एवढे घट्ट बसलेले असतात की साध्या दोन ओळींच्या मेसेजमध्येसुद्धा आडवे येतात. एक, वाक्य प्रिपोझिशनवर संपवायचं नाही. दोन, टू आणि क्रियापदाच्या मध्ये काही घालायचं नाही, म्हणजे ज्याला स्प्लिट इन्फिनिटिव्ह म्हणतात ते करायचं नाही.

हे पत्र त्या दोन नियमांबद्दल आहे, आणि जास्त करून पहिल्याबद्दल, कारण त्यानं आपल्या मराठी पोरांचं जे नुकसान होतंय ते मी कामात रोज बघते. इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम देवनागरीत लिहितेय. मोठ्यानं म्हणून बघा, कानाला लगेच कळतं.

आधी एक प्रकरण सांगते, सगळा मुद्दा त्यातच आहे.

आमच्या एका कस्टमरकडं मशिनिंग करताना काही कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे ओतताना आत राहिलेल्या हवेच्या पोकळ्या, निघाले. असं झालं की आपला माणूस तिकडं पाठवायचा, त्यानं तिथल्या स्टॉकमधला चांगला माल आणि खराब माल वेगळा करायचा, ही नेहमीची पद्धत. आमचा टेक्निशियन निघणार होता आणि प्लँटवर पोचल्यावर त्यानं कुणाला भेटायचं, कुणाकडं हजर व्हायचं एवढंच विचारायचं होतं. ज्युनिअर पोराला मेसेज टाकायला सांगितला. त्यानं टाकलं, "प्लीज टेल अस हू अवर टेक्निशियन शुड रिपोर्ट."

समोरून काही तासांनी उत्तर आलं, जरा गंभीर सुरात, की तुमच्या माणसाला आमच्या कुणाबद्दल तक्रार करायची आहे का, तसं काही घडलं असेल तर आधी आम्हाला सांगा.

बघा आता काय झालं. रिपोर्ट टू समबडी म्हणजे एखाद्याकडं जाऊन हजर होणं, त्याच्या हाताखाली काम करणं. रिपोर्ट समबडी म्हणजे एखाद्याची तक्रार करणं. फरक फक्त एका टूचा. प्रश्न विचारताना हू पुढं जातो आणि टू मागं शेवटाला राहतो, "हू शुड ही रिपोर्ट टू". तो शेवटचा टू गेला की वाक्य व्याकरणात पूर्ण बरोबरच दिसतं, कुठलाही स्पेलचेक लाल रेघ मारणार नाही, पण अर्थ थेट तक्रारीवर जातो. मी पोराला बोलावून विचारलं की टू कुठं गेला. तो म्हणाला, "मॅडम, आधी लिहिलेला, मग काढला. शेवटी प्रिपोझिशन येत नाही ना."

त्यानं बरोबर लिहिलेलं चुकीचं केलं, आणि ते नियम आठवून केलं. सर, मॅडम, माझी सगळी तळमळ ह्या एका गोष्टीसाठी आहे. निष्काळजी पोरगा असता तर त्याच्याकडून हे झालं नसतं, जसं तोंडात आलं तसं पाठवलं असतं. ज्यानं तुमचं मनापासून ऐकलं त्याच्याच हातून हे झालं.

आता तुम्ही म्हणाल की आम्ही टू काढून टाका असं कुठं शिकवलं, आम्ही तो पुढं आणा असं शिकवतो, "टू हूम शुड अवर टेक्निशियन रिपोर्ट". मान्य आहे. पण घाईत पोराच्या डोक्यात काय राहतं ते बघा की. पुढं आणायची क्रिया अवघड आहे, त्यासाठी हूचं हूम करायचं, वाक्याची सुरुवातच बदलायची. काढून टाकणं सोपं आहे, एक बटण दाबलं की झालं. त्यामुळं नियमाचा अर्धा भाग उरतो, शेवटी नको एवढाच, आणि दुसरा अर्धा, म्हणजे मग कुठं, तो विसरला जातो.

आणि आपल्या पोरांच्या बाबतीत ह्याला अजून एक कारण आहे जे इंग्रजी मातृभाषा असलेल्या पोरांना लागूच नाही. मराठीत आपण "मी ज्या घरात राहतो" म्हणतो. तो "त" घराला चिकटलेलाच असतो, त्याला एकट्याला उचलून वाक्याच्या शेवटी ठेवायची सोयच नाही. म्हणून "द हाउस इन व्हिच आय लिव्ह" हे आपल्याला ऐकताक्षणी बरोबर वाटतं, आणि "द हाउस आय लिव्ह इन" म्हटलं की काहीतरी लोंबकळत राहिल्यासारखं वाटतं. हे झालं एक. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. आपण म्हणतो "बसायला खुर्ची", "लिहायला पेन", "बोलायला कुणी नाही", "राहायला जागा". ह्यात कुठंच "वर", "नं", "शी", "त" नाही. मराठीत त्याची गरजच पडत नाही, खुर्ची म्हटलं की तिच्यावरच बसणार हे कळतंच. इंग्रजीत मात्र ते सांगावं लागतं. "अ चेअर टू सिट ऑन", "अ पेन टू राइट विथ", "नोबडी टू टॉक टू", "अ प्लेस टू लिव्ह इन". आपलं पोरगं मराठीत विचार करून लिहितं म्हणून ते "अ चेअर टू सिट", "अ पेन टू राइट", "नोबडी टू टॉक" असं लिहितं. ह्यात "अ प्लेस टू लिव्ह" तेवढं चालतं, प्लेस ह्या शब्दाला इंग्रजीत ती सवलत आहे, पण बाकीची तीन अर्धवट आहेत.

म्हणजे आपल्या पोरांची मूळ अडचण शेवटचं प्रिपोझिशन गळणं ही आहे. ते शेवटी जास्त येणं ही त्यांची अडचण कधीच नव्हती. आणि आपण शिकवतो काय, तर शेवटी प्रिपोझिशन घालू नका. ज्याचा पाय आधीच लंगडतो त्याच्या हातातली काठी काढून घ्यावी असं हे चाललंय.

तुम्ही वह्या तपासता तेव्हा हे दिसत नाही त्याला कारण आहे. "आय हॅव नो पेन टू राइट" ह्या वाक्यावरून नजर सरकून जाते, कारण तपासणारेही आपण मराठीच, आपल्या कानाला ते खटकत नाही. आणि "द फ्रेंड आय वेंट विथ" वर लाल पेन लगेच थांबतं कारण नियम पाठ आहे. चूक सुटते आणि बरोबर असलेलं कापलं जातं. मी माझ्या टेबलावर आलेल्या ड्राफ्टमध्ये हेच बघते, "द ड्रॉइंग यू आर रेफरिंग", "द बॉक्स द कास्टिंग्ज आर पॅक्ड", "द पर्सन वुई स्पोक". पहिल्यात टू हवा, दुसऱ्यात इन, तिसऱ्यात टू किंवा विथ. कस्टमरला अर्थ कळतो बहुतेक वेळा, पण रिपोर्टसारखं क्रियापद आलं की फसतं. तशी क्रियापदं कमी नाहीत. "समवन टू लुक ॲट" आणि "समवन टू लुक आफ्टर" आणि "समवन टू लुक फॉर", तिन्ही वेगळी, बघायला, सांभाळायला, शोधायला. "हू डिड यू कम्प्लेन टू" म्हणजे तक्रार कुणाकडं केलीस आणि "हू डिड यू कम्प्लेन अबाउट" म्हणजे कुणाची केलीस. इथं सगळा अर्थ त्या शेवटच्या छोट्या शब्दात भरलेला आहे, तो खोडला की वाक्यात राहिलं काय.

हा नियम आला कुठनं ते पण बघूया, कारण वर्गात तो असा सांगितला जातो की जणू इंग्रजी भाषा जन्माला आली तेव्हापासून आहे. तसं नाही. इंग्लंडात जॉन ड्रायडन नावाचा मोठा कवी होता. 1672 मध्ये त्यानं आपल्या आधीच्या पिढीतल्या बेन जॉन्सनच्या एका नाटकातल्या ओळीवर बोट ठेवलं, ज्यात फ्रॉम शेवटी आलेला, आणि लिहिलं की हा त्याचा नेहमीचा दोष आहे, आणि माझ्याही लिखाणात मला तो अलीकडंच दिसलाय. असं का वाईट, ह्याचं कारण त्यानं तिथं दिलं नाही. पण स्वतः मात्र तो इतका गांभीर्यानं घेऊन बसला की 1668 च्या आपल्या एका निबंधाची 1684 मध्ये नवी आवृत्ती काढली तेव्हा त्यातली असली वाक्यं शोधून शोधून फिरवली, "द एज आय लिव्ह इन" चं "द एज इन व्हिच आय लिव्ह" करून टाकलं. ह्याच ड्रायडननं दुसऱ्या एका ठिकाणी लिहून ठेवलंय की माझं इंग्रजी बरोबर आहे का अशी शंका आली की मी ते लॅटिनमध्ये भाषांतर करून बघतो. लॅटिनमध्ये प्रिपोझिशन असं मागं सोडता येत नाही. आपल्या मराठीतही येत नाही. आणि एका भाषेचं माप घेऊन दुसऱ्या भाषेचा सदरा शिवायचा प्रयत्न तिथनं सुरू झाला असं मला तरी वाटतं.

त्यानंतर 1762 मध्ये रॉबर्ट लौथ, जो पुढं लंडनचा बिशप झाला, त्यानं व्याकरणाचं एक छोटं पुस्तक काढलं. लोक ह्या नियमाचं खापर त्याच्यावर फोडतात पण त्यानं खरं काय लिहिलंय ते वाचलं तर माणूस समंजस होता. तो म्हणतो की ही आपल्या भाषेची ओढच आहे, बोलण्यात ती सर्रास चालते आणि घरगुती धाटणीच्या लिखाणात छान बसते, पण प्रिपोझिशन आधी घेतलं तर जास्त डौलदार आणि स्पष्ट होतं आणि गंभीर, भारदस्त शैलीला ते जास्त शोभतं. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीच त्यानं दोन खाती वेगळी केलेली, बोलीचं वेगळं आणि भारदस्त वेगळं. आणि ही ओढ आहे असं सांगणारं त्याचं मूळ वाक्य "स्ट्राँगली इन्क्लाइन्ड टू" असं, टूवर संपतं. पुढं 1795 मध्ये लिंडली मरे ह्यानं शाळांसाठी व्याकरण काढलं, लौथचा तो मजकूर घेतला, पण ते वाक्य उलटं फिरवून "टू व्हिच अवर लँग्वेज इज स्ट्राँगली इन्क्लाइन्ड" असं छापलं. मरेचं पुस्तक शाळाशाळांत गेलं, आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. शाळेच्या पुस्तकात शिरताना लौथचा सल्ला कसा ताठ होत गेला ते ह्या एका वाक्यात दिसतं. 1926 मध्ये फाउलर नावाच्या कोशकारानं आपल्या इंग्रजीच्या वापरकोशात ह्या नियमाला लोकांनी जपून ठेवलेली अंधश्रद्धा म्हटलं, त्यालाही आता शंभर वर्षं होत आली, आणि आपण अजून त्याच्यावर मार्क कापतोय.

चर्चिलच्या नावावर ह्या नियमाची टिंगल करणारं एक वाक्य फिरतं, "अप विथ व्हिच आय विल नॉट पुट" असं काहीतरी, तुमच्यापैकी बरेच जण वर्गात सांगत असणार. ते त्याचंच असल्याचा धड पुरावा नाही, तेव्हा ते सोडा, त्याची गरजही नाही.

गरज ह्याची आहे की काही वाक्यं अशी आहेत जी फिरवताच येत नाहीत, आणि हे पोरांना सांगितलं पाहिजे. "व्हॉट इज युवर न्यू बॉस लाइक?" ह्यातला लाइक पुढं आणून दाखवा. "लाइक व्हॉट इज युवर न्यू बॉस" असं कुणी म्हणत नाही. पॅसिव्ह घ्या, "द कम्प्लेंट वॉज डेल्ट विथ", "द चिल्ड्रन आर बीइंग लुक्ड आफ्टर", ह्यातला विथ नि आफ्टर हलवायला जागाच नाही. दॅट वापरलं तरी तेच, "द मशिन दॅट वुई टोल्ड यू अबाउट" मध्ये अबाउट दॅटच्या आधी नेलं की वाक्य मोडतं, त्यासाठी दॅटचं व्हिच करावं लागतं. आणि "टर्न द फर्नेस ऑफ", "डोन्ट गिव्ह अप" ह्यातले ऑफ नि अप तर ह्या नियमात मुळात बसतच नाहीत, ते क्रियापदाचे भाग आहेत, पण मी अशी पोरं बघितलीत जी त्यांनाही घाबरतात. "टर्न ऑफ द फर्नेस" चालतं हे खरं, पण "टर्न इट ऑफ" चं "टर्न ऑफ इट" केलं की ते चुकतंच.

मग नियमात काहीच अर्थ नाही का? आहे थोडा, तो पण सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. शब्द आणि त्याचं प्रिपोझिशन ह्यात अंतर लई झालं की वाचणाऱ्याला धरून ठेवावं लागतं. "व्हिच कस्टमर डिड यू से द ड्रॉइंग दॅट केम लास्ट वीक विथ द रिव्हाइज्ड टॉलरन्स वॉज फ्रॉम" असं वाक्य आलं तर फ्रॉमपर्यंत पोचेतोवर माणूस विसरतो की कुणाबद्दल चाललंय. तिथं वाक्य तोडायचं, दोन करायची. आणि दुसरी खरी चूक म्हणजे दोन्हीकडं घालणं, "द सिटी इन व्हिच आय लिव्ह इन". ही तुमच्या नियमातनंच जन्मते, पोरगं पुढं घालतं कारण सरांनी सांगितलंय, आणि मागंही घालतं कारण कानाला ते हवं असतं. ही जरूर कापा. शिवाय टेंडरचं पत्र, ॲग्रीमेंट, कोर्टाचा कागद, तिथं "टू हूम" आणि "इन व्हिच" शोभतं, मी स्वतः क्वालिटी ॲग्रीमेंटमध्ये तसंच लिहिते. पण व्हॉट्सॲपवर समोरचा इंजिनिअर "ऑल गुड, थँक्स" असं लिहितोय आणि आपण "टू हूम" लिहून पाठवतोय, तर त्याला वाटतं आपण रागावलोय की काय.

आता दुसरा नियम, स्प्लिट इन्फिनिटिव्ह. ह्यानं आपल्या पोरांचं तेवढं वाटोळं होत नाही पण वाक्यं विचित्र होतात.

"टू" आणि क्रियापदाच्या मध्ये शब्द घालणं इंग्रजीत तेराव्या-चौदाव्या शतकापासनं सापडतं. मध्ये दोनेकशे वर्षं ते जवळजवळ बंद झालेलं, मग अठराव्या शतकाच्या शेवटी परत दिसायला लागलं. 1864 मध्ये हेन्री आल्फर्ड नावाच्या कँटरबरी चर्चच्या डीननं इंग्रजीच्या वापरावर पुस्तक लिहिलं, त्यात "टू सायंटिफिकली इलस्ट्रेट" ह्या प्रयोगाला नाक मुरडलं. त्याचं म्हणणं काय तर असं इंग्रजी बोलणाऱ्यांत आणि लिहिणाऱ्यांत कुणी करतच नाही, टू आणि क्रियापद आपण अतूट मानतो. लॅटिनमध्ये इन्फिनिटिव्ह एकच शब्द असतो म्हणून इंग्रजीत तोडू नये, हे कारण आपल्याकडं सगळे सांगतात, पण आल्फर्डनं ते दिलेलं नाही. त्यानं सांगितलं की असं कुणी करत नाही, आणि लोक तर करत होते. त्याच्या कितीतरी आधी, 1786 ला, रॉबर्ट बर्न्सच्या कवितेत "टू नोबली स्टेम" आहे. म्हणजे नियमाचा पायाच वस्तुस्थितीला धरून नव्हता.

हा नियम पाळल्यावर काय होतं ते एका वाक्यावर बघूया. आमच्याकडं पुरात पॅटर्न, म्हणजे ज्यांच्यावरनं कास्टिंगचा साचा घेतात ते नमुने, खराब झाले, लाकडी पॅटर्न पाण्यात फुगतात, मापं जातात, आणि ते एकदम सगळे बदलणं परवडत नाही म्हणून टप्प्याटप्प्यानं बदलायचं ठरलं असं समजा. कस्टमरला सांगायचंय. सरळ वाक्य असं, "वुई हॅव डिसायडेड टू ग्रॅज्युअली रिप्लेस द पॅटर्न्स दॅट वेअर डॅमेज्ड इन द फ्लड." ग्रॅज्युअली रिप्लेसला चिकटलाय, शंका नाही, हळूहळू बदलणार.

आता तो ग्रॅज्युअली टूच्या आधी न्या, "वुई हॅव डिसायडेड ग्रॅज्युअली टू रिप्लेस". इथं निर्णय हळूहळू झाला की बदलणं हळूहळू होणार, दोन्ही अर्थ निघतात. शेवटी न्या, "टू रिप्लेस द पॅटर्न्स दॅट वेअर डॅमेज्ड इन द फ्लड ग्रॅज्युअली", आता पॅटर्न पुरात हळूहळू खराब झाले असा अर्थ लागतो, आणि कस्टमर विचारेल की हळूहळू खराब होत होते तर तुम्ही बघत काय होता. रिप्लेसच्या लगेच मागं ठेवा, "टू रिप्लेस ग्रॅज्युअली द पॅटर्न्स", हे चालतं, कारण पुढचा भाग लांब आहे, पण वाचायला जड, सर्क्युलरसारखं. आणि पुढचा भाग छोटा असला, नुसतं "देम" असलं, तर "टू रिप्लेस ग्रॅज्युअली देम" सरळ चूक होते. म्हणजे चार जागांपैकी जी सगळ्यात स्पष्ट, नेमकी तीच नियमानं बंद केलेली. कधीकधी तर दुसरी जागाच नसते, "द ऑर्डर्स आर एक्स्पेक्टेड टू मोअर दॅन डबल", ह्यातला मोअर दॅन उचलून कुठं ठेवणार सांगा.

उलट बाजूनं, छोटं वाक्य असेल तर शेवटी ठेवलेलंच बरं. "प्लीज ट्राय टू रिप्लाय क्विकली" छान आहे, तिथं "टू क्विकली रिप्लाय" ची गरज नाही. आणि टू आणि क्रियापदाच्या मध्ये आख्खी वरात घुसवली, "टू विदाउट टेलिंग एनीवन ॲट द ऑफिस लीव्ह", तर ते कुणालाच आवडणार नाही. एखादा शब्द, फार तर दोन, एवढंच तिथं मावतं. पोरांना हे एवढं सांगितलं की ती स्वतः ठरवू शकतात, वाक्य दोन-तीन प्रकारे म्हणायचं आणि बघायचं की तो शब्द नेमका कुणाला चिकटतोय. इकॉनॉमिस्टसारख्या कडक मासल्याच्या साप्ताहिकानंसुद्धा 2018 मध्ये आपल्या शैलीपुस्तिकेत हा नियम सैल केला, तेव्हा आपल्या आठवीच्या पोरांना तरी मोकळं सोडा.

बोर्डाच्या परीक्षेचं काय, हा तुमचा प्रश्न मला माहीत आहे, आणि तो खोटा नाही. पेपर तपासणारा कोण असेल, त्याच्या डोक्यात कुठला नियम असेल सांगता येत नाही, आणि मार्क गेले तर पालक तुमच्याकडंच येणार. मग असं करा की फॉर्मल लेटर आणि रिपोर्टच्या प्रश्नापुरतं "इन व्हिच", "टू हूम" शिकवा, ते परीक्षेचे कपडे आहेत असं उघड सांगा, आणि डायलॉग, इन्फॉर्मल लेटर, मेसेज ह्या प्रश्नांत त्यांना "हू आर यू गोइंग विथ" लिहू द्या. मित्राला लिहिलेल्या पत्रात "विथ हूम आर यू गोइंग टू द रंकाळा" असं वाक्य बघून तुम्हाला स्वतःला तरी ते खरं वाटतं का?

आणि एक गोष्ट कराच, ही माझी विनंती आहे. येत्या आठवड्यात एखाद्या वर्गाला चार ओळी भाषांतराला द्या. मला लिहायला पेन नाही. इथं बसायला खुर्ची नाही. त्याला बोलायला कुणी नाही. मी कुणाकडं तक्रार करू? वह्या गोळा करा आणि ह्या वेळी प्रिपोझिशन शेवटी आलंय का ते बघू नका, ते हवं तिथं आहे का ते बघा. जिथं गळलंय तिथं लाल पेननं विथ, ऑन, टू असं लिहून द्या, शेवटी, सरळ शेवटी. पोरांना विचारा की तू हे मुद्दाम काढलंस का तुला सुचलंच नाही, कारण दोन्हीवर इलाज वेगळा आहे. सुचलं नसेल तर क्रियापद त्याच्या प्रिपोझिशनसकट पाठ करून घ्या, नुसतं टॉक नाही, टॉक टू, नुसतं राइट नाही, राइट विथ आणि राइट ऑन, कारण पेननं लिहितो आणि कागदावर लिहितो. आणि मुद्दाम काढलं असेल तर तो नियम त्याच्या डोक्यातनं तुम्हालाच काढावा लागेल. मी ऑफिसात सांगते, पण पोरं माझं ऐकत नाहीत हो, शाळेत सरांनी सांगितलेलं आहे म्हणतात. तुमचा शब्द त्यांच्यासाठी अजून मोठा आहे.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावं, वह्यांमधली उदाहरणं घेऊन लिहावं, त्यावर बोलायला मी कधीही तयार आहे.

आपली नम्र,
तुमच्याच हाताखाली शिकलेली एक विद्यार्थिनी, कोल्हापूर